अनुभव धागा : अनोळखी कामातल्या माणसाला त्याचा कामाचा दिवस विचारताना

मुक्ता_कराड

एखाद्या कामाची माहितीपत्रके वाचून त्या कामाचा दिवस कळत नाही, तो दिवस रोज काढणाऱ्या माणसाकडूनच ऐकावा लागतो. आपल्यापैकी अनेकांनी स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी अशा संपूर्ण अनोळखी व्यवसायातल्या व्यक्तीशी मुद्दाम भेट ठरवून बोलणे केले असेल. कोणाशी बोललात, काय विचारले, कोणत्या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले आणि कोणत्या प्रश्नाला नुसते चांगले बोलले गेले, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

माझ्या धाकट्या भावाला बारावीनंतर डायलिसिस तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावासा वाटत होता. आमच्या घरात रुग्णालयात नोकरी केलेले कोणीही नाही. माहितीपत्रकात ‘अत्याधुनिक यंत्रे हाताळणे’ असे लिहिलेले होते, आणि त्यावरून भावाची समजूत अशी झाली होती की यंत्राला माणूस जोडून द्यायचा आणि नंतर चार तास पडद्याकडे लक्ष ठेवायचे. ओळखीतून एका तालुक्याच्या ठिकाणच्या डायलिसिस केंद्रात काम करणारे एक तंत्रज्ञ भेटले. त्यांना आम्ही दादाच म्हणत होतो. भावाने पहिला प्रश्न विचारला, “दादा, काम कसे आहे?” उत्तर आले, “चांगले आहे, सेवा केल्याचे समाधान मिळते.” हे खोटे नव्हते, पण त्यातून कळण्यासारखेही काही नव्हते. मग मी विचारले, “काल घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत काय काय केलेत, ते क्रमाने सांगाल का?” त्यानंतर ते बराच वेळ न थांबता बोलत राहिले.

त्यांचा दिवस रुग्णापासून सुरू होत नाही, पाण्यापासून सुरू होतो. एका रुग्णाच्या चार तासांच्या एका सत्राला साधारण 120 लिटर शुद्ध पाणी लागते, आणि ते पाणी पातळ पडद्याच्या पलीकडून का होईना, रुग्णाच्या रक्ताला लागून वाहते. म्हणून सकाळी साडेसहाला आल्यावर ते आधी आरओ प्लँटच्या खोलीत जातात, दाब पाहतात आणि कार्बन फिल्टरच्या पुढचे पाणी काढून त्यात क्लोरीन उरला आहे का ते तपासतात. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतोच. आपण तो पितो आणि आपल्याला काही होत नाही, पण तो या मार्गाने रक्तापर्यंत पोहोचला तर तांबड्या पेशी फुटतात. तपासणीत क्लोरीन दिसला तर त्या दिवशी यंत्रे सुरू करायची नाहीत, मग बाहेर बाकांवर कितीही माणसे बसलेली असोत. त्यानंतर नळ्या आणि रक्त गाळणारा डायलायझर सलाइनने धुऊन त्यातली हवा काढून टाकायची, आणि मग पहिला रुग्ण वजनकाट्यावर.

इथे त्यांनी आमच्यासमोर एक हिशेब मांडला, आणि मला वाटते त्या हिशेबाने भावाला हे काम प्रथम कळले. एका रुग्णाचे कोरडे वजन, म्हणजे अंगात जास्तीचे पाणी नसताना असायला हवे ते वजन, 58.5 किलो आहे. सकाळी काट्यावर 61.5 भरले. म्हणजे तीन लिटर पाणी काढायचे. शेवटी रक्त परत देताना सलाइन जाते, मध्ये चहा-बिस्किटे होतात, त्याचे आणखी 300 मिली धरायचे. 3.3 लिटर चार तासांत काढायचे तर ताशी सव्वाआठशे मिली होतात, म्हणजे दर किलो वजनामागे ताशी 14 मिली. सर्वसाधारणपणे 13 च्या वर जाऊ नये असे मानतात, कारण रक्तवाहिन्यांतून पाणी जितक्या वेगाने ओढले जाते तितक्या वेगाने ते शरीराच्या इतर भागांतून रक्तात भरून येत नाही आणि रक्तदाब कोसळतो. तेच पाणी साडेचार तासांत काढले तर आकडा साडेबाराच्या आसपास येतो. मग अर्धा तास वाढवायचा ठरते, आणि त्या रुग्णाची गावची एस.टी. चुकणार म्हणून तो नको म्हणतो. दादा म्हणाले, “यंत्र काय, आठवड्यात येते. माणसाला अर्धा तास थांबायला लावणे हे रोज नव्याने करावे लागते.”

त्यांनी सांगितलेले आणखी दोन तपशील आमच्या कोणत्याच कागदावर नव्हते. पहिला म्हणजे दोन पाळ्यांमधला तास. पहिल्या पाळीचे रुग्ण काढायचे, प्रत्येकाच्या हातातल्या दोन सुया काढून ती जागा सुमारे दहा मिनिटे दाबून धरायची, परत वजन घ्यायचे, यंत्राचे निर्जंतुकीकरण लावायचे, खाट पुसायची आणि दुसऱ्या पाळीचे रुग्ण जोडायचे. हे सारे चार यंत्रांवर जवळजवळ एकाच वेळी येते, आणि कालचे त्यांचे जेवण यामुळेच तीन वाजता झाले होते. दुसरा तपशील सुट्टीचा. रुग्णांचे वार ठरलेले असतात, सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार. लक्ष्मीपूजन बुधवारी आले तरी बुधवारचे रुग्ण येणारच, कारण मूत्रपिंडाला दिवाळी नसते.

भाऊ अभ्यासक्रमाला गेला की नाही, हे मी मुद्दाम नंतर लिहीन. आधी इतरांचे ऐकायचे आहे.

रानवाटा

चांगला विषय आहे. मला मागच्या वर्षी एका औषध कंपनीने मुलाखतीला बोलावले होते. तांत्रिक प्रश्न बरे गेले, परंतु ‘पाच वर्षांनी स्वतःला कोठे पाहता’ या प्रश्नावर मला काही सुचले नाही. अशा प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, याविषयी कोणी अनुभव लिहिल्यास उपयोग होईल.

मुक्ता_कराड

रानवाटा, आपला प्रश्न नोकरीच्या मुलाखतीचा आहे. येथे आपण उलट दिशेच्या बोलण्याविषयी लिहीत आहोत. इथे विचारणारे आपण असतो आणि समोरच्याकडून नोकरी मागायची नसते. किंबहुना ती मागितली की बोलणे तिथेच संपते, असे माझे निरीक्षण आहे. तरी आपल्याला एक सुचवते : त्याच कंपनीत त्याच जागेवर काम करणाऱ्या एखाद्याचा दिवस आधी ऐकून घेतलात, तर पाच वर्षांच्या प्रश्नाला आधार मिळेल.

भुसावळकर

मुक्ताताई, ‘कालचा दिवस सांगा’ हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उत्तम आहे, पण तो सर्वत्र चालत नाही. माझ्या पुतण्याला रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायचे होते, म्हणून आम्ही आमच्याच वस्तीतल्या, मालगाडीवर काम करणाऱ्या एका तरुणाकडे गेलो. मी हाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, “काका, काल मी झोपलो होतो.” आदल्या रात्री तो गाडी घेऊन परत आला होता आणि तो दिवस विश्रांतीचा होता. त्याच्या कामाला ‘रोजचा दिवस’ असा नसतोच. मग आम्ही मागच्या दोन आठवड्यांचे विचारले, आणि त्याने आपली नोंदवही उघडून वाचून दाखवली. कधी रात्री दीडला हजर, कधी दुपारी चारला, कधी पहाटे. एका आठवड्यात दोन सलग रात्री घरी झोपलेला असा एकदाच. मालगाडीचे वेळापत्रक प्रवासी गाडीसारखे नसते. हजर व्हायच्या साधारण दोन तास आधी फोन येतो आणि निघावे लागते.

लॉबीत, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या कार्यालयात, गेल्यावर श्वासाची चाचणी, सही, मार्गात कोठे गती कमी ठेवायची त्याचा कागद, आणि मग इंजिन. सहायकाचे मुख्य काम म्हणजे प्रत्येक सिग्नल दिसताच हात करून मोठ्याने उच्चारणे आणि मुख्य पायलटाने तो परत उच्चारणे. भर दुपारी, इंजिन तापलेले असताना, तासन्‌तास हे चालते. बहुतेक इंजिनांत स्वच्छतागृह नसते, हेही त्याने विचारल्यावर सांगितले. आपण होऊन सांगितले नसते.

पण अर्धी माहिती त्याच्या पत्नीने दिली, आणि ती मला अधिक मोलाची वाटली. ती म्हणाली, “डबा दोन वेळचा भरावा लागतो, कारण पोचल्यावर रनिंग रूममध्ये आठ तास विश्रांती आणि मग परतीची गाडी कधी मिळेल ते ठाऊक नसते.” बाळाच्या बारशाची तारीख त्यांनी तीनदा बदलली होती. माझे मत असे झाले आहे की पाळीच्या कामाविषयी विचारायचे असेल, तर काम करणाऱ्याबरोबर त्याच्या घरातल्या माणसाशीही बोलावे.

सदाशिव_दे

एवढे लांबलचक विचारत बसण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला प्रश्न पगाराचा असावा, कारण माणूस बाकी सर्व गोष्टींवर गोड बोलतो, आकड्यावर बोलू शकत नाही. दुसरे, डायलिसिसचेच बोलायचे तर त्याला अभ्यासक्रमाची गरजच नसते. माझ्या मेहुण्याच्या मित्राने एका केंद्रात सहा महिने मदतनीस म्हणून काढले आणि तो आज उत्तम तंत्रज्ञ आहे. तेव्हा विचारपूस करण्यापेक्षा सरळ कामाला लागावे.

परिचारिका_सिंधू

मी अनेक वर्षे डायलिसिस विभागात परिचारिका आहे आणि अशी विचारपूस करायला येणारी मुले व पालक मला नेहमी भेटतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सदाशिवराव, तुमच्या मेहुण्यांच्या मित्रांचे उदाहरण खरे असणार. पूर्वी अनेक जण असेच शिकले, आणि त्यांच्यातले काही हात मी पाहिले आहेत, फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने तयार केलेल्या हातातल्या शिरेत, सुई घालण्यात त्यांची बरोबरी होणे अवघड आहे. पण आज बारावी झालेल्या मुलाला हा मार्ग सांगू नये. 2021 मध्ये सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात डायलिसिस तंत्रज्ञांचाही समावेश आहे आणि दिशा नोंदणीची आहे. मान्य अभ्यासक्रम नसलेल्या माणसाला पुढे नोकरी बदलताना अडचण येईल. याचाच अर्थ असा की वीस वर्षांपूर्वी कामाला लागलेल्या माणसाला त्याचा दिवस जरूर विचारावा, पण ‘या कामात कसे शिरावे’ हे त्याला विचारू नये. तो ज्या दाराने आला ते दार बहुधा आता बंद झालेले असते. तो प्रश्न दोन-तीन वर्षांपूर्वी लागलेल्याला विचारावा.

पगाराविषयी : पहिलाच प्रश्न पगाराचा केला तर समोरचा सावध होतो. “तुमचा पगार किती?” असे न विचारता “नव्याने लागणाऱ्याला या भागात साधारण काय देतात, आणि पाच वर्षांनी?” असे विचारले की माणूस मोकळेपणाने सांगतो. आणि वरिष्ठ शेजारी बसलेले असताना तर काहीच विचारू नये. आमच्याकडे एकदा एक पालक विभागप्रमुखांसमोरच तंत्रज्ञाला “कामाचा ताण किती असतो?” असे विचारत होते. त्याने काय उत्तर द्यावे?

मुक्ता, तुमच्या हिशेबात एक गोष्ट स्पष्ट करते. किती पाणी काढायचे आणि वेळ वाढवायचा का, याचा आदेश डॉक्टरांचा असतो. तंत्रज्ञ वजन घेऊन आकडा मांडतो, तो बसत नसेल तर डॉक्टरांना कळवतो आणि ठरेल ते यंत्रावर लावतो. दादांनी तो भाग बोलण्याच्या ओघात गाळला असेल. सवयीच्या माणसाकडून असे टप्पे गळतातच, म्हणून “हे कोण ठरवते?” हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारत जावे. त्यातून त्या कामात स्वतःच्या अखत्यारीत किती आहे आणि दुसऱ्याच्या होकारावर किती अवलंबून आहे, ते कळते.

आणि जे कोणी विचारत नाही, ते मीच सांगते. रक्तदाब पडायच्या आधी माणूस आळोखेपिळोखे देतो, जांभया देऊ लागतो, नेहमी बोलणारा गप्प होतो, कपाळावर घाम येतो. यंत्राचा गजर त्यानंतर वाजतो. म्हणून चांगला तंत्रज्ञ पडद्याकडे कमी आणि चेहऱ्यांकडे जास्त पाहतो. तसे दिसताच पाणी काढणे थांबवायचे, पाय वर घ्यायचे, लागले तर थोडे सलाइन द्यायचे. पण चेहरा वाचता येतो तो ओळख असल्यामुळे. आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षे तोच माणूस त्याच खाटेवर येतो. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आपल्याला येते. आणि मग एका सोमवारी तो येत नाही, घरून फोन येतो. त्या दिवशीही पुढचा रुग्ण त्याच खाटेवर वेळेत जोडावाच लागतो. हे सहन होईल का, याचा विचार अठरा वर्षांच्या मुलाने आधी करावा असे मला मनापासून वाटते. “या कामातून कोणी सोडून गेले का, आणि का?” असे विचारले तर हा विषय निघतो.

ओढ्याकाठी

माझा अनुभव छोटा आहे. मुलीला वकिली करायची होती, म्हणून जिल्हा न्यायालयातल्या एका कनिष्ठ वकिलांशी बोललो. त्यांच्या दिवसात प्रत्यक्ष युक्तिवाद जवळजवळ नव्हता. बोर्डावर आपले प्रकरण कितव्या क्रमांकावर आहे ते पाहणे, पुकारा होईपर्यंत थांबणे, तारीख घेणे, नकलेसाठी अर्ज करणे आणि संध्याकाळी ज्येष्ठांच्या कार्यालयात मसुदे. मुलीने विचारले, “मग शिकायला कधी मिळते?” ते म्हणाले, “थांबताना. पुकारा होईपर्यंत दुसऱ्यांची उलटतपासणी ऐकत बसतो, तेच शिक्षण.” मुलगी गेली वकिलीला.

नेकारकाठचा

मी जर्मनीत परिचर्येचे प्रशिक्षण घेत आहे. येथे प्रवेशाआधी काही दिवस किंवा आठवडे प्रत्यक्ष विभागात जाऊन काम पाहण्याची रूढ पद्धत आहे. भारतात असताना मी दोन परिचारिकांशी पुष्कळ बोललो होतो आणि मला सारे कळले आहे असे वाटत होते. येथे पहिल्या सकाळी एका वृद्ध गृहस्थांना अंथरुणातच आंघोळ घालताना उभा राहिलो, तेव्हा जाणवले की त्या बोलण्यात शरीराचा भाग आलाच नव्हता : वास, वाकून वाकून भरून येणारी पाठ, अनोळखी माणसाच्या अंगाला हात लावताना वाटणारा संकोच. येथे हे काम परिचारिकाच करतात, भारतात बरेचदा नातेवाईक किंवा आया करतात, म्हणूनही ते बोलण्यात आले नसेल. माझ्या मते बोलणे ही पहिली पायरी झाली, पण पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. डायलिसिस केंद्रात असे एक दिवस बसू देतात का?

परिचारिका_सिंधू

विभागप्रमुखांनी परवानगी दिली तर काही ठिकाणी देतात, पण हक्काने मागता येत नाही. रुग्ण उघड्या दालनात असतात, त्यांच्या संमतीचा प्रश्न आहे, आणि रक्ताशी संबंध असल्यामुळे हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली असावी अशी अपेक्षा असते. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्यामुळे आज ठरवून उद्या बसता येत नाही. मात्र बाहेरच्या प्रतीक्षा-जागेत पाळी बदलण्याच्या वेळी तासभर बसलात, तरी दारातून पुष्कळ कळते.

भुसावळकर

पाहण्याने सारे कळते हे मला पटत नाही. इंजिनात कोणाला बसू देणार? आणि एक दिवस पाहून बाराव्या महिन्याचा थकवा दिसत नाही, तो सांगणाऱ्याकडूनच कळतो.

सदाशिव_दे

सिंधूताई, कायद्याची माहिती मला नव्हती, धन्यवाद. पगाराविषयी मात्र माझे मत कायम आहे. गरजू घरातल्या मुलाला पहिल्या भेटीतच आकडा कळला पाहिजे, दुसऱ्या भेटीची त्याला ऐपत नसते.

मुक्ता_कराड

सदाशिवराव, हा मुद्दा मला मान्य आहे, आणि यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. आम्ही शेवटी विचारले आणि दादांनी सांगितले, पण आम्ही मोटारसायकलने अर्ध्या तासात पोचत होतो.

भावाचे राहिले होते. तो अभ्यासक्रमाला गेला नाही. सुया, रक्त किंवा सणांचे वार यांपैकी कशानेही तो मागे फिरला नाही. दादांच्या बोलण्यात पाण्याच्या खोलीचे वर्णन आले, तेव्हापासून तो त्याच खोलीविषयी विचारत राहिला : गाळण्या किती, पडदा किती दिवसांनी बदलतात, पाण्याचा टणकपणा कसा मोजतात. आता तो रसायनशास्त्र घेऊन पदवी करत आहे आणि त्याला जलशुद्धीकरण केंद्रातल्या कोणाशी तरी बोलायचे आहे. या धाग्यावर कोणी असल्यास कृपया लिहावे. सिंधूताई, एक विचारायचे राहिले : दादांना आभाराचा फोन करायचा आहे आणि आणखी दोन शंका आहेत, तर कोणत्या वेळी करावा म्हणजे त्यांना अडचण होणार नाही?

परिचारिका_सिंधू

सकाळी सात ते साडेआठ नको, आणि साडेअकरा ते दीड मुळीच नको. सर्व रुग्ण जोडल्यावर पहिला अर्धा तास प्रत्येक खाटेपाशी फेऱ्या असतात. त्यानंतरचा तासभर त्यातल्या त्यात शांत असतो, म्हणजे साधारण साडेनऊ ते साडेदहा. त्या वेळात त्यांचे नोंदींचे काम चालू असते, तेव्हा आधी “बोलता येईल का?” असा संदेश पाठवा. उत्तर आले नाही तर कोणाचा तरी रक्तदाब पडला आहे असे समजा आणि दुसऱ्या दिवशी करा.